डावा स्पीकर

त्या दिवाळीत आमच्या घरात दोन अगदी सारखे स्पीकर आले. एक मला माझ्या ऑफिसातून मिळाला, दुसरा नवऱ्याला त्याच्या ऑफिसातून. मी दादरच्या एका शाळेच्या ऑफिसात काम करते आणि नवरा औषधांच्या एका वितरकाकडे. दोन्हींचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, पण दिवाळीच्या भेटी पुरवणारा माणूस बहुधा एकच असावा. खोका तोच, आतली चार्जिंगची आखूड वायर तीच, मुंगीएवढ्या अक्षरातलं माहितीपत्रकही तेच. रंगाचा तेवढा फरक. माझा निळा, त्याचा करडा. आकार डब्यासोबत न्यायच्या ताकाच्या बाटलीएवढा.

माझा मी त्याच संध्याकाळी बाहेर काढला आणि फ्रिजवर ठेवला. नवऱ्याचा खोक्यासकट कपाटावर गेला. माझी नणंद माहीमला नव्या घरात राहायला जाणार होती आणि तिला वास्तुशांतीला काय द्यायचं, हा प्रश्न त्यामुळे आपोआप सुटला होता. आलेली भेट पुढे देणं आमच्या घरात चालतं. फोडून मग देणं चालत नाही.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे मी तो खोका फोडला.

झालं असं, की दोन-अडीच महिन्यांनी माझ्या स्पीकरचं वॉरंटी कार्ड शोधताना ते माहितीपत्रक हाती लागलं. शनिवारची दुपार होती, शाळा अर्धा दिवस. बाबा, म्हणजे माझे सासरे, आत झोपले होते. मी चष्मा लावून ते पत्रक पहिल्यांदाच नीट वाचलं. शेवटून दुसऱ्या घडीवर दोन बाटल्यांचं चित्र होतं, त्यांच्या मधोमध एक माणूस बसलेला, आणि खाली लिहिलं होतं की एकाच मॉडेलचे दोन स्पीकर असतील तर एकाला डावा आणि दुसऱ्याला उजवा करता येतो. म्हणजे स्टिरिओ.

मला गाण्यांचं वेड आहे. शिकले नाही, गात नाही, पण ऐकते खूप. आणि जन्मभर मी एकाच भोकातून ऐकत आलेय. आधी वडिलांचा ट्रान्झिस्टर, मग टेप, मग फोन, आता ही निळी बाटली. डावं-उजवं ऐकायचं तर कानात इअरफोन घालावे लागतात, आणि ते घातले की कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत नाहीत. दोनदा वरण करपलं, तेव्हापासून तेही बंद केलं.

मी कपाटाकडे बघितलं. मग स्टूल घेतलं.

खोक्याला सील असं नव्हतंच, एक गोल पारदर्शक चिकटपट्टी होती. ती मी सुरीच्या पाठीनं इतक्या हळुवार सोडवली, की परत लावली असती तर कळलं नसतं. करड्या स्पीकरला तासभर चार्जिंगला लावलं आणि मग दोन्ही हॉलमध्ये टीव्हीच्या दोन बाजूंना मांडून फोनला जोडायला घेतले.

पहिली गोष्ट लक्षात आली ती ही, की फोनला दोन्ही जोडले तरी गाणं एकातूनच येतं. निळा वाजला की करडा गप्प, करड्यावर बोट ठेवलं की निळा गप्प. पत्रक पुन्हा वाचलं. फोनला एकच जोडायचा, असं त्यात होतं. दुसऱ्याला फोनमधून काढून टाकायचं, मग दोन्हींवरचं साखळीच्या कडीसारखं चिन्ह असलेलं बटण दाबायचं. पुढचं काम ते आपापसात करतात. मी तसं केलं. दोन्हींवर पांढरा दिवा लुकलुकला, थोड्या वेळानं दोघांनी एकदमच टुंग असा आवाज केला आणि दोन्हींतून गाणं सुरू झालं.

मी खूश झाले. चहा टाकला. चहा पिताना मात्र शंका यायला लागली. आवाज मोठा झाला होता, खोलीभर झाला होता, पण इअरफोनमध्ये जी गंमत येते, एक वाद्य या कानापाशी आणि दुसरं त्या कानापाशी, तशी काही येत नव्हती. मी उठून डाव्या स्पीकरला कान लावला. त्यात तबला, बासरी, गाणारीचा आवाज, सगळं. उजव्याला लावला. त्यातही तेच सगळं. म्हणजे दोघे जण एकच गोष्ट दोनदा सांगत होते.

संध्याकाळी नवरा आला. टीव्हीजवळ दोन स्पीकर बघून त्यानं चपला काढता काढता विचारलं, "हा ताईचा ना?"

"वापरून बघतेय. परत ठेवीन खोक्यात."

"एक वाजतोय ना? मग दुसरा कशाला?"

त्याला समजावून सांगण्याइतकं मलाही अजून कळलं नव्हतं, म्हणून मी पानं वाढायला घेतली.

सोमवारी शाळा सुटल्यावर मी दादर स्टेशनच्या बाहेर, मोबाईलची कव्हरं आणि वायरी विकणाऱ्या एका टपरीवर गेले. तिथला माणूस माझ्याच वयाचा, पन्नाशीचा. शाळेच्या ऑफिसचा चार्जर मी नेहमी त्याच्याकडूनच आणते. मी त्याला सगळं सांगितलं. त्यानं ऐकताना एका गिऱ्हाइकाच्या फोनला काच चिकटवली, दुसऱ्याला वायर दिली आणि मग माझ्याकडे वळला.

"ताई, तुमचं झालंय ते पार्टी मोड. दोघांत सेम आवाज. बटण दाबून तेवढंच होतं. स्टिरिओ करायला कंपनीचं ॲप पाहिजे. टाकलंय?"

"नाही."

"ते टाका. दोन्ही स्पीकर त्यात दिसले पाहिजेत. आणि दोघांचं सॉफ्टवेअर एकाच व्हर्जनचं पाहिजे. एक जुना, एक नवा असला तर ते जोडी करू देत नाही."

"दोन्ही एकाच दिवाळीतले आहेत."

"तुमचा तुम्ही रोज लावताय, पण अपडेट कधी केलाय?" मी नकारार्थी मान हलवली. "मग दोन्ही करून घ्या. एकेक करायचा. चार्जिंग फुल ठेवा आणि फोन बाजूलाच ठेवा. मध्ये फोन घेऊन किचनमध्ये गेलात ना, की लटकणार."

जाता जाता त्यानं आणखी एक युक्ती सांगितली. यूट्यूबवर डावं-उजवं तपासायचे छोटे व्हिडिओ असतात, एक बाई एकदा लेफ्ट म्हणते, एकदा राइट म्हणते. लेफ्ट डावीकडून आणि राइट उजवीकडून आलं की झालं. "गाण्यावरून नाही कळणार, ताई. आधी बाईवरून चेक करा."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी ॲप घेतलं. त्यानं माझं नाव विचारलं, जन्मतारीख विचारली, लोकेशन विचारलं. लग्न जमवतानासुद्धा मला इतकं कुणी विचारलं नव्हतं. मग निळा स्पीकर दिसला आणि त्याच्यापुढे लाल ठिपका, अपडेट. करड्याचंही तेच. मी निळ्यापासून सुरुवात केली. टक्के मोजत एक रेघ पुढे सरकायला लागली, आणि ती इतकी हळू सरकत होती, की बारा टक्के होईपर्यंत माझी कणीक भिजवून होईल असं वाटलं. पण फोन तिथून हलवायचा नव्हता, आणि घरात भाजीला काही नव्हतं.

एवढ्यात बाबा बाहेर आले. माझे सासरे ऐंशीला आले आहेत. परळच्या एका गिरणीत माग चालवण्यात त्यांचं तारुण्य गेलं, ती बंद पडल्यावर एका इमारतीवर वॉचमन होते. आम्ही भोईवाड्यात, जुन्या चाळीच्या जागी झालेल्या इमारतीत सहाव्या मजल्यावर राहतो. हॉलमध्ये टीव्हीसमोर त्यांची हातांची प्लास्टिकची खुर्ची असते आणि ती जागा अढळ आहे.

"ह्यां काय गो?" त्यांनी लुकलुकणाऱ्या दिव्यांकडे बघून विचारलं.

मी सांगितलं. त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून जोरात सांगितलं. ऐकू कमी येतं हे अर्थात त्यांना मान्य नव्हतं. त्यांच्या मते हल्लीची माणसं तोंडातल्या तोंडात बोलतात, मालिकांतली तर फारच. म्हणून टीव्हीचा आवाज आमच्याकडे असा असायचा, की आमची मालिका पाचव्या मजल्यावरचेही ऐकायचे. नणंदेनं आणि नवऱ्यानं त्यांना कानाच्या डॉक्टरकडे न्यायचा प्रयत्न किती वेळा केला, याची गणतीच नाही. उत्तर ठरलेलं. "माजो कान बरो आसा."

मी म्हटलं, "बाबा, मी खाली जाऊन भाजी आणते. ही रेघ पूर्ण होईपर्यंत फोनला हात लावायचा नाही, स्पीकरला हात लावायचा नाही, आणि दिवा विझला तर घाबरायचं नाही. तो आपोआप पेटतो. बघाल?"

त्यांनी खुर्ची ओढून फोनसमोर घेतली. "माग चालू आसलो की सोडून जावचा नाय," ते म्हणाले. "तू जा."

मी बाजारात गेले, मेथी घेतली, कोथिंबिरीसाठी घासाघीस केली, ओळखीच्या एका बाईशी बोलत उभी राहिले. परत आले तर दारात नवरा, घामाघूम. त्यानं मला बघून आधी भिंतीला हात टेकला.

"तू कुठे होतीस? अकरा वेळा फोन केला."

फोन अर्थात बाबांच्या समोर होता. अकरा वेळा वाजला, थरथरला, टेबलावर जरा सरकलासुद्धा, पण हात लावायचा नाही म्हटल्यावर बाबांनी हात लावला नव्हता. दूध आणू का, एवढंच विचारायला त्यानं पहिला फोन केला होता. पुढचे दहा घाबरून. लालबागवरून टॅक्सी करून आला होता तो.

"उचलायचा ना, बाबा," तो म्हणाला.

"काय?"

"उचलायचा ना."

"हात लावूचो नाय म्हणून सांगितल्यान हिणी." मग माझ्याकडे वळून ते जरा अभिमानानं म्हणाले, "झालो. दिवो गेलो आणि परत इलो."

निळा खरोखरच अपडेट झाला होता. करड्याची रेघ मी लावली तेव्हा तिघेही तिथे बसून होतो. नवरा सुद्धा. टॅक्सीनं आल्यामुळे त्याला आता काही तरी बघायलाच हवं होतं.

ॲपमध्ये मग दोन्ही स्पीकर शेजारी शेजारी दिसले आणि त्यांच्याखाली दोन पर्याय आले, पार्टी आणि स्टिरिओ. मी स्टिरिओवर बोट ठेवलं. एका चित्राखाली एल आलं, दुसऱ्याखाली आर. यूट्यूबवरची ती बाई लावली. "लेफ्ट," ती म्हणाली, उजवीकडून. "राइट," म्हणाली, डावीकडून.

"उलटं आहे," नवरा म्हणाला. त्यानं उठून दोन्ही स्पीकर उचलले आणि जागा बदलल्या. ॲपमध्ये अदलाबदलीचं बटण होतं, पण ते मला नंतर दिसलं. आता लेफ्ट डावीकडून आलं, राइट उजवीकडून.

खरी मजा मांडणीत आहे, हे पत्रकातल्या चित्रावरून माझ्या लक्षात आलं होतं. दोन्ही एका उंचीवर हवेत, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला. आमचा हॉल दहा फुटी. डाव्या भिंतीला माझं शिलाई मशीन, त्यावर निळा बसला. उजवीकडे काहीच नव्हतं, म्हणून स्टुलावर तांदळाचा डबा आणि डब्यावर करडा. मधोमध जी एकच जागा उरली, तिथे बाबांची खुर्ची होती. मी खाली चटईवर, खुर्चीच्या पायाशी बसले.

आधी एक फार जुनं गाणं लावलं. ते गाणं जेव्हा ध्वनिमुद्रित झालं तेव्हा डावं-उजवं नव्हतंच, त्यामुळे दोन्हींतून सारखंच वाजलं. पण एक विचित्र गोष्ट झाली. आवाज ना मशीनवरून येत होता ना डब्यावरून. तो बरोब्बर मधून, बंद टीव्हीतून येत होता. नवरा उठून टीव्हीच्या मागे बघून आला.

मग मी हल्लीचं एक भजन लावलं. त्यात पेटी उजवीकडे होती, टाळ डावीकडे आणि गाणारा मधे, टीव्हीच्या जागी. टाळांचा तो किणकिणता आवाज मशीनवरून असा येत होता, जणू तिथे कोणी मांडी घालून बसलंय. मी डोळे मिटले. आमच्या दहा फुटांच्या खोलीला रुंदी आली होती. इतक्या वर्षांत त्या भिंती मला पहिल्यांदाच लांब वाटल्या.

"टाळ खंय गेले?" बाबा म्हणाले.

मी डोळे उघडले. "हे काय, डावीकडे."

"पेटी आसा. टाळ नाय." त्यांनी बोटानं शिलाई मशीन दाखवलं. "तो बंद पडलो. उगाच केलंस अपडेट."

मी उठून निळ्यावर हात ठेवला. तो थरथरत होता, वाजत होता. नवरा म्हणाला, "बाबा, वाजतोय तो. मला येतंय ऐकू." बाबा मानेनं नाही म्हणाले. गिरणीतल्या माणसाला यंत्र बंद आहे की चालू, हे कुणी सांगितलेलं आवडत नाही. ते उठले, मशीनपाशी गेले, वाकले आणि उजवा कान निळ्याजवळ नेला.

"आता वाजता," ते म्हणाले, आणि परत येऊन बसले. "आता परत गेलो."

त्यानंतर त्यांनी जे केलं, ते आमच्यापैकी कुणालाही सुचलं नसतं. ते उठले, खुर्ची उचलली, उलटी फिरवली आणि टीव्हीकडे पाठ करून बसले. मशीन आता त्यांच्या उजव्या हाताला आलं, डबा डाव्या हाताला. भजन चालूच होतं. ते मान ताठ ठेवून ऐकत राहिले, नजर समोरच्या कॅलेंडरवर.

"आता टाळ इले," बरंच थांबून ते म्हणाले. "पेटी बारीक झाली."

बाबांनी पुन्हा उठून खुर्ची सरळ केली. ऐकलं. पुन्हा उलटी केली. ऐकलं. तिसऱ्यांदा सरळ करून बसले आणि त्यांनी डावा हात हळूच डाव्या कानाकडे नेला, पाळी धरली, सोडली. टाळ असोत की पेटी, जे हरवत होतं त्या बाजूला दर वेळी त्यांचा डावा कान होता, आणि दोष स्पीकरमध्ये नव्हता. हे त्यांना कळलेलं आम्हाला दिसलं. त्यांच्या चेहऱ्यावर दुःख असं नव्हतं. बिघाड कुठे आहे ते सापडल्यावर माणूस जसा दिसतो, तसे ते दिसत होते.

"जेवूक वाढ," ते मला म्हणाले.

मेथी चांगली झाली होती.

रविवारी नणंद आली. वास्तुशांतीचं आमंत्रण तोंडी द्यायला आली होती, हातात माहीमच्या कोळीवाड्यातली कोलंबी. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी आहे आणि आमचं बरं जमतं. ती आत आली आणि तिची नजर आधी शिलाई मशीनवर गेली, मग तांदळाच्या डब्यावर, मग कोपऱ्यातल्या उघड्या खोक्यावर. तिला काय मिळणार आहे, हे तिच्या भावानं तिला आधीच सांगून टाकलं होतं.

"वहिनी, यातला माझा कुठला?"

"करडा," मी म्हटलं. "चुकलं माझं. परत खोक्यात घालून ठेवणार होते." लाज वाटली तरी खरं सांगून टाकलं. पार्टी मोड, टपरीवाला, अपडेट, अकरा फोन. ती हसायला लागली. मग मी आवाज खाली आणून टाळांचं सांगितलं, आणि तिचं हसू थांबलं. आवाज खाली आणायची तशी गरज नव्हती. बाबा खुर्चीत पेपर वाचत होते, त्यांचा डावा कान आमच्याकडे होता.

ती त्यांच्यासमोर जाऊन बसली. "बाबा, मी माझा स्पीकर घेऊन जातेय."

बाबांनी पेपर खाली केला. "कित्याक?"

"माझा आहे तो. नव्या घरात लावणार."

"दोन नसले तर जमत नाय," ते म्हणाले. "एकात सगळा एकदम येता."

गेले चार दिवस ते स्वतः रोज सकाळी स्पीकर लावायला सांगत होते आणि खुर्ची कधी सरळ, कधी उलटी करून ऐकत होते. काल तर त्यांनी खुर्ची डावीकडे सरकवून बघितली होती, टाळ जवळ यावेत म्हणून. टाळ आले, पण मग गाणाराही त्यांच्यासोबत डावीकडे सरकला आणि ते त्यांना आवडलं नाही.

"ठीक आहे," नणंद म्हणाली. "तुम्ही कानाच्या डॉक्टरकडे या. स्पीकर इथेच राहील. नाही आलात तर संध्याकाळी पिशवीत घालून नेते."

"तू काय माका लाच देतंस?"

"हो."

नवरा आणि मी स्वयंपाकघराच्या दारात उभे होतो. बाबांनी पेपरची घडी घातली, मग त्या घडीची आणखी एक घडी. त्यांनी आधी शिलाई मशीनकडे बघितलं, मग डब्याकडे.

"आणि तुज्या घराक काय देवचा?"

"काही नको. तुम्ही या, तेवढं पुरे."

"रिकाम्या हातान कशे येवचा," ते म्हणाले, आणि मला तेव्हाच कळलं की गोष्ट ठरली. डॉक्टरांबद्दल त्यांनी हो म्हटलंच नाही. आहेर काय द्यायचा यावरच चर्चा सुरू झाली आणि शेवटी आमच्याकडचा न वापरलेला मिक्सर ठरला. तो सुद्धा आलेलाच होता, पण बंद खोक्यातला.

मंगळवारी नवऱ्यानं सुट्टी काढली आणि दोघे परळलाच एका कानाच्या डॉक्टरकडे गेले. मी शाळेत होते. तिथे काय झालं ते मला नवऱ्यानं सांगितलं. डॉक्टर तरुण बाई होती. तिनं विचारलं, "आजोबा, काय त्रास होतो?" आणि बाबांनी सांगितलं, "डावो स्पीकर बंद आसा." तिला वाटलं कानातल्या मशीनबद्दल बोलतायत. नवऱ्यानं मग सगळी हकिकत सांगितली, खुर्ची फिरवण्यापर्यंत. ती म्हणाली, घरून इतकी पक्की तपासणी करून आलेला पेशंट तिनं पहिल्यांदाच पाहिला.

डाव्या कानात मळाचा खडा होता. तो मऊ व्हायला थेंब दिले आणि चार दिवसांनी पुन्हा बोलावून काढला. बाबांनी तो ट्रेमध्ये पाहिला आणि घरी येऊन मला बोटाच्या पेरावर त्याचं माप दाखवलं. सगळं काही त्यानं सुटलं नाही. यंत्रावर तपासल्यावर दोन्ही कान उतरलेले निघाले, डावा जास्त. वय आणि मागांचा आवाज, डॉक्टर म्हणाली, तो गेलेला भाग परत येत नाही, डाव्या कानाला मशीन लावलं तर बरं. त्यावर बाबांनी "बघू" म्हटलं. आमच्या घरात "बघू" म्हणजे नाही असं नसतं. दीड महिन्यानं मशीन आलं. ते सकाळी लावतात आणि दुपारी झोपताना काढतात. मालिका लागली की कधी कधी मुद्दाम काढतात.

मळ काढला त्या दिवशी मात्र मी घरीच होते. दोघांना येताना मी खिडकीतून पाहिलं, म्हणून दार उघडून बाहेर उभी राहिले. लिफ्ट सहाव्या मजल्यावर आली, दार उघडलं, नवरा बाहेर आला. बाबा आतच उभे. लिफ्टमधली बाई, जी आमच्या इमारतीत आम्ही राहायला आलो त्या दिवसापासून रोज बोलते, ती म्हणाली की कृपया दार बंद करा.

बाबांनी वर छताकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"ही बोलता?"

"पहिल्यापासून, बाबा."

"सगळ्यांक?"

"सगळ्यांना."

ती पुन्हा म्हणाली. बाबा तिचं बोलणं पूर्ण होईपर्यंत थांबले, मग बाहेर आले आणि त्यांनी दार स्वतःच्या हातानं, नीट लावून घेतलं.